"ताप उतरला, आता घरी सोडा ना सिस्टर!" : मेडिसिन वॉर्डातल्या एका नर्सची सकाळची ड्युटी

स्लाईड १ : सिस्टर नेमकं करतात काय?

हा प्रश्न आम्ही आमच्या ओळखीच्या लोकांना विचारला. बहुतेकांचं उत्तर एकच होतं: इंजेक्शन देतात, सलाईन लावतात आणि नातेवाइकांची गर्दी झाली की ओरडतात.

तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण डॉक्टर वॉर्डात दिवसातून दोन-तीनदा येऊन जातात आणि मधल्या वेळात पेशंटवर लक्ष असतं ते नर्सचं. त्या मधल्या वेळात काय घडतं, हे पाहायला आम्ही एका सरकारी रुग्णालयातल्या पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात एक सकाळ काढली. सोबत होत्या अकरा वर्षं नोकरी झालेल्या एक स्टाफ नर्स. पेशंटची ओळख जपायची म्हणून हॉस्पिटलचं नाव नाही, कुणाचं नाव नाही, बेड नंबरही बदललेत. सिस्टरांना आपण सिस्टरच म्हणूया, वॉर्डात सगळे तेच म्हणतात.

दिवस पावसाळ्यातला. बेड ३६, पेशंट ३९, नर्स दोन. ही गोष्ट मुख्यतः १४ नंबर बेडवरच्या एका कॉलेजच्या मुलाची आहे. ताप उतरल्यामुळे त्याला घरी जायचं होतं.

स्लाईड २ : सकाळी ७.५० – 'ओव्हर'

सकाळची ड्युटी ८ ते २, दुपारची २ ते ८ आणि रात्रीची ८ ते ८. रात्रीची बारा तासांची असते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

ड्युटी बदलताना आधीच्या सिस्टर पुढच्या सिस्टरांना वॉर्ड ताब्यात देतात. त्याला वॉर्डाच्या भाषेत 'ओव्हर देणं' म्हणतात. हे टेबलावर बसून होत नाही. दोघी प्रत्येक बेडजवळ जातात. पेशंटला काय झालंय, रात्री काय दिलं, कोणता रिपोर्ट यायचाय, सलाईन किती उरलंय, लघवी किती झाली, सगळं तोंडी सांगितलं जातं आणि वहीतही असतं.

१४ नंबरचा ओव्हर असा होता : "डेंग्यू पॉझिटिव्ह, तापाचा पाचवा दिवस. रात्री ताप नाही. पहाटे एक उलटी. पहाटेच्या रक्ताचा रिपोर्ट यायचाय. सहाला बीपी ११२/७०, नाडी ८८."

ऐकणाऱ्याला वाटेल, मुलगा सुधारतोय. आपल्या सिस्टरांनी मात्र वहीत त्या बेडसमोर छोटी चांदणी काढली. का, ते पुढे कळेलच.

स्लाईड ३ : ८.२० – हात हातात घेऊन सिस्टर गप्प का उभ्या असतात?

आता फेरी ताप, नाडी, श्वास आणि बीपीची. वॉर्डात याला 'टीपीआर-बीपी' म्हणतात.

यातला श्वास मोजण्याचा प्रकार गमतीशीर आहे. "आता तुमचा श्वास मोजते" असं सांगितलं की माणूस लगेच वेगळा श्वास घ्यायला लागतो. कुणी छाती फुगवतो, कुणी रोखूनच धरतो. म्हणून सिस्टर नाडी मोजतात आणि झाल्यावरही मनगट सोडत नाहीत. पेशंटला वाटतं अजून नाडीच चाललीय. सिस्टरांची नजर मात्र त्याच्या छातीवर असते आणि घड्याळाच्या काट्यावर. मोठ्या माणसाचे मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास ठीक. २४-२५ च्या वर गेले, तर पेशंट "मस्त आहे" म्हणत असला तरी त्याच्याकडे परत यायचं.

बेड ७ वरच्या आजोबांनी विचारलं, "सिस्टर, एवढा वेळ हात धरलाय, काही गडबड आहे का?"

"गडबड नाही आजोबा. तुमचा हात गरम आहे, माझा गार पडलाय."

आजोबा खूश. मिनिटाला १८ श्वास. पुढचा बेड.

१४ नंबरचं बीपी या फेरीत ११०/७६ आलं, नाडी ९६. ताप नाहीच. सिस्टरांनी आकडे लिहिले आणि मुलाला विचारलं, "पोट दुखतंय का रे?"

"थोडं. रात्रभर जेवलो नाही ना, म्हणून असेल."

स्लाईड ४ : ९.०० – लाल टोपी, केशरी टोपी

औषधांच्या फेरीत सिस्टर एक प्रश्न ३९ वेळा विचारतात : "नाव सांगा तुमचं." केस पेपरवर नाव समोर दिसत असतं, तरी विचारतात. "तुम्ही अमुक ना?" असं विचारलं, तर झोपेतला, घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा पेशंट सरळ "हो" म्हणून मोकळा होतो. नाव त्याच्याच तोंडून यायला हवं.

सर्वात जास्त काळजी असते ती इन्सुलिनची. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात. एकीत १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात, दुसरीत १००. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. ४० वाल्या सिरिंजची टोपी लाल असते, १०० वालीची केशरी.

समजा, डॉक्टरांनी २० युनिट लिहिलेत. बाटली १०० ची आहे, पण हातात लाल टोपीची सिरिंज आली. लाल सिरिंजवर २० च्या रेघेपर्यंत भरलं की ते होतं अर्धा मिलिलिटर. १०० च्या बाटलीतल्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये असतात ५० युनिट. म्हणजे लिहिलेल्या डोसच्या अडीचपट. पेशंटची साखर इतकी खाली येऊ शकते की तो बेशुद्ध पडेल. उलटी अदलाबदल झाली, तर २० ऐवजी ८ च युनिट जातात आणि साखर का उतरत नाही, ते कुणालाच कळत नाही.

घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनीही मेडिकलमधून सिरिंज आणताना बाटलीवरचा आकडा आणि टोपीचा रंग जुळतोय का, ते बघायला हवं.

इन्सुलिनचा दुसरा नियम जेवणाचा. सुई दिली आणि नाश्ता आलाच नाही, तर साखर घसरते. म्हणून सिस्टर आधी नाश्त्याची गाडी कुठवर आलीय ते बघतात. बेड २२ वरच्या काकांची साखर सकाळी उपाशीपोटी तपासायची होती. आकडा अपेक्षेपेक्षा बराच वर आला. सिस्टरांनी काही न बोलता उशी उचलली. खाली बिस्किटाचा अर्धा पुडा.

"चहाबरोबर दोनच खाल्ली," काका म्हणाले.

"खाल्ली त्याचं काही नाही. पण मला सांगायचं. नाहीतर या आकड्यावर डॉक्टर तुमचं इन्सुलिन वाढवतील आणि उद्या बिस्किटं नसताना तुम्हाला चक्कर येईल."

ओरडण्यामागे बहुतेक वेळा असं काहीतरी कारण असतं.

स्लाईड ५ : १०.०० – राऊंड, आणि हरवलेलं पेन

डॉक्टरांचा राऊंड सुरू झाला की सिस्टर ट्रॉली घेऊन सोबत फिरतात. कोणतं औषध बंद, कोणतं सुरू, कुणाची सोनोग्राफी, कुणाला डिस्चार्ज, हे सगळं तेव्हाच टिपायचं. राऊंडला सिस्टरांच्या खिशात तीन पेनं होती. संपला तेव्हा एक उरलं. उरलेली दोन कुठल्या डॉक्टरांकडे आहेत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "मागायला गेले की नवीन एक जातं," एवढंच म्हणाल्या.

१४ नंबरचा रक्ताचा रिपोर्ट राऊंडच्या वेळी आला. प्लेटलेट ६२ हजार. आईच्या तोंडचं पाणी पळालं. गावाकडून फोन सुरू झाले. कुणी पपईच्या पानांचा रस सुचवला, कुणी रक्तपेढीचा नंबर दिला.

डॉक्टरांनी मात्र बोट ठेवलं ते त्याच कागदावरच्या दुसऱ्या आकड्यावर, 'हिमॅटोक्रिट'वर. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के आहे, ते हा आकडा सांगतो. काल तो ४० होता, आज ४८. मुलाला रक्त तर दिलेलं नव्हतं, मग तांबड्या पेशींचा वाटा वाढला कसा?

वाढल्या नव्हत्या. रक्तातलं पाणी कमी झालं होतं. डेंग्यूमध्ये काही पेशंटच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपायला लागतात. रक्ताचा पातळ भाग बाहेर, पोटात आणि छातीच्या पोकळीत जातो. उरलेलं रक्त घट्ट होतं, म्हणून टक्का वर जातो. आमटी आटवल्यावर मीठ तेवढंच राहतं, पण चव खारट होते, तसंच.

हे झिरपणं बहुतेक वेळा ताप उतरण्याच्या सुमारास, म्हणजे तापाच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान सुरू होतं आणि साधारण एक-दोन दिवस चालतं. चांदणीचं कारण हेच. डेंग्यूत ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात. सिस्टरांचं लक्ष तिथून वाढतं.

डॉक्टरांनी सांगितलं : दर तासाला बीपी आणि नाडी, लघवी मोजून लिहा, काही बदल वाटला तर लगेच कळवा.

स्लाईड ६ : ११.१० – बीपी नॉर्मल, तरी फोन का?

"ताई, ताप नाही आता. गाडी पण आलीय गावाहून. घरी सोडा ना," मुलाची आई म्हणाली.

"काकू, आजचा दिवस थांबा. मी एकदा बघते," असं म्हणत सिस्टरांनी मुलाच्या दंडाला पट्टा बांधला.

बीपी १०६/८४. नाडी ११६.

वरचा आकडा १०६. कुणीही म्हणेल, ठीक आहे की. पण आता दोन्ही आकड्यांमधलं अंतर बघा. सहा वाजता ११२ आणि ७०, अंतर ४२. साडेआठच्या सुमारास ११० आणि ७६, अंतर ३४. आता १०६ आणि ८४, अंतर २२. वरचा आकडा जेमतेम हलला, पण खालचा वर चढत गेला आणि नाडी ८८ वरून ११६ वर पोहोचली.

शरीर काय करतं? रक्तवाहिन्यांमधलं पाणी कमी झालं की ते वाहिन्या आवळून घेतं आणि हृदय जोरात चालवतं. त्यामुळे वरचा आकडा काही काळ टिकून राहतो आणि खालचा वाढतो. तरुण पेशंटमध्ये हे सांभाळून घेणं बराच वेळ चालतं, म्हणून तो बोलत असतो, मोबाईल बघत असतो. मग एका क्षणी शरीर थकतं आणि बीपी एकदम कोसळतं. डेंग्यूमध्ये हे अंतर २० किंवा त्याहून कमी झालं तर तो शॉक समजतात, वरचा आकडा कितीही चांगला दिसला तरी. हा मुलगा २२ वर होता.

सिस्टरांनी मशीनवर विसंबून न राहता तिथेच आणखी तीन गोष्टी बघितल्या. तळहात गार होते. नख दाबून सोडल्यावर पांढरा झालेला भाग पुन्हा गुलाबी व्हायला तीन सेकंदांहून जास्त लागले, एरवी दोन सेकंदांच्या आत होतो. आणि लघवी सकाळी सहापासून एकदाच, साधारण १०० मिली. मोठ्या माणसाला ताशी वजनाच्या दर किलोमागे किमान अर्धा मिली लघवी व्हायला हवी. मुलाचं वजन ६० किलो, म्हणजे पाच तासांत निदान १५० मिली.

मग फोन. तोही ऐकण्यासारखा होता. "सर, पेशंट बरा वाटत नाहीये" असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, १४ नंबर, डेंग्यू, पाचवा दिवस. बीपी १०६/८४, सकाळी अंतर ४२ होतं, आता २२. नाडी ११६, हात गार, पाच तासांत लघवी १००. पोटात दुखतंय. तुम्ही येऊन बघा."

डॉक्टर चार मिनिटांत बेडजवळ होते.

स्लाईड ७ : ११.२० – थेंबांचं गणित

डॉक्टरांनी लिहिलं : नॉर्मल सलाईन, एका तासात ३०० मिली. आता हे ३०० मिली बरोबर एका तासात जायला हवं. वॉर्डात सलाईनचा पंप नव्हता. होता तो नळीवरचा छोटा चाकाचा क्लॅम्प आणि सिस्टरांचं घड्याळ.

गणित असं. साध्या सलाईन सेटमधून साधारण २० थेंब पडले की १ मिली होतो, हा आकडा सेटच्या पाकिटावर छापलेला असतो. ३०० मिली म्हणजे ६,००० थेंब. तासाची ६० मिनिटं, म्हणजे मिनिटाला १०० थेंब. मिनिटभर उभं राहून शंभर मोजण्याऐवजी सिस्टर १५ सेकंद मोजतात. २५ थेंब पडले की बरोबर. २२ पडले, चाक किंचित सैल. पुन्हा मोजले, २५.

दहा मिनिटांनी पुन्हा आल्या, कारण हा वेग टिकत नाही. पेशंटने कोपर दुमडलं, तो कुशीवर वळला, बाटली रिकामी होत आली की थेंब बदलतात. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे नातेवाईक. "फार हळू चाललंय" म्हणून चाक फिरवणारे आणि "लवकर संपेल" म्हणून बंद करणारे, दोन्ही प्रकार रोज भेटतात.

इथे दोन्ही बाजूंनी धोका आहे. कमी गेलं तर बीपी कोसळेल. गरजेपेक्षा जास्त गेलं तर ते पाणीही त्याच झिरपत्या वाहिन्यांतून बाहेर पडेल, छातीत साचेल आणि श्वास लागेल. म्हणून डेंग्यूत सलाईन सुरू करून सोडून देत नाहीत. पुन्हा पुन्हा मोजतात आणि सुधारणा दिसली की वेग कमी करतात.

"प्लेटलेट नाही का चढवणार?" आईने विचारलं. सिस्टरांनी समजावलं की रक्तस्राव नसताना ६२ हजाराला सहसा प्लेटलेट देत नाहीत. या घडीला मुलाला कमी पडतंय ते पाणी. आणि एक पक्की सूचना : अंगदुखीसाठी मेडिकलमधून कोणतीही गोळी आणून द्यायची नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन यांनी डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात.

स्लाईड ८ : १२.२० – आकडे बोलू लागले

एक तासाने बीपी ११०/७८, नाडी १०२. अंतर २२ वरून ३२ वर आलं. तळहात कोमट झाले. मुलाने लघवीला जायचं म्हटलं, तेव्हा सिस्टरांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो बघून मुलगा लाजला. मापाच्या भांड्यात १८० मिली भरली आणि तसं चार्टवर लिहिलं गेलं. डॉक्टरांनी सलाईनचा वेग कमी केला, तासाभराने पुन्हा बघायचं ठरलं.

धोका टळला का? अजून नाही. पुढचे २४ तास तरी हीच मोजणी तिन्ही ड्युट्यांमध्ये चालणार होती.

दरम्यान बाकीचे ३८ पेशंट होतेच. एकाची इंट्राकॅथ, म्हणजे शिरेतली सलाईनची सुई, सुजली होती, ती काढून दुसऱ्या हाताला लावली. वापरलेल्या सुईवर परत टोपण लावलं नाही, कारण टोपण लावतानाच ती बोटात घुसते. ती थेट पांढऱ्या डब्यात गेली. दोन डिस्चार्ज झाले. फॅनबद्दल चार तक्रारी आल्या, दोन जणांना जोरात हवा होता आणि दोघांना बंद. साडेअकराला आलेला चहा सव्वाला सिस्टरांनी प्यायला. थंडच.

स्लाईड ९ : १.१५ – "सारखं लिहीत काय बसतात?"

नातेवाइकांची ही नेहमीची कुजबुज. पेशंट आजारी आणि सिस्टर लिहीत बसल्यात.

पण १४ नंबरचं काय झालं ते पुन्हा बघा. १०६/८४ हा एकटा आकडा काहीच ओरडून सांगत नव्हता. तो ओरडला, कारण त्याच्या आधी ११०/७६ लिहिलेलं होतं आणि त्याच्या आधी, रात्रीच्या सिस्टरांनी, ११२/७०. पहाटे सहाला थकलेल्या कुणीतरी बीपी न घेता मागचाच आकडा उतरवला असता, तर अकरा वाजता ते अंतर कमी होताना दिसलंच नसतं.

याची दुसरी बाजूही खरी आहे. दोन नर्स आणि ३९ पेशंट असताना दर तासाची मोजणी फार तर चार-पाच पेशंटची होऊ शकते. त्या सकाळी १४ नंबरकडे एवढा वेळ गेला, तेव्हा काही बेडची अकराची औषधं पावणेबाराला झाली. सिस्टरांनी तेही वेळेसकट लिहिलं.

दोन वाजता दुपारच्या सिस्टर आल्या आणि ओव्हर सुरू झाला. १४ नंबरजवळ दोघी सर्वात जास्त वेळ थांबल्या.

स्लाईड १० : तुमचा पेशंट ॲडमिट असेल, तर

पेशंटला आधीपासून कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि कशाची ॲलर्जी आहे, ते एका कागदावर लिहून सिस्टरांना द्या. बाहेरून काही खायला दिलं असेल तर लपवू नका. लघवी मोजायला सांगितली असेल तर भांडं न मोजता ओतू नका. सलाईनचं चाक फिरवू नका, थेंब थांबले किंवा हात सुजला तर सिस्टरांना हाक मारा.

आणि घरात कुणाला डेंग्यू झाला असेल, तर ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस लक्षात ठेवा. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हात-पाय गार पडणं, लघवी कमी होणं, खूप सुस्ती किंवा बेचैनी यातलं काहीही दिसलं, तर प्लेटलेटच्या पुढच्या रिपोर्टची वाट न बघता पेशंटला हॉस्पिटलमध्ये न्या. तिथे गेल्यावर "ताप कधी उतरला" आणि "शेवटची लघवी कधी झाली" ही दोन उत्तरं तयार ठेवा. सिस्टर तेच आधी विचारतील.